‘मग ऑरियस नाही म्हणून रिपोर्ट देशील?’

मॅडम, मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकलला सात आठवडे उरलेत. वर्षभराच्या लेक्चरच्या नोट्स आणि पीपीटी समोर ठेवून मायक्रोच्या व्हायव्हासाठी प्रश्नपेढी करतेय, एकेक जीवाणू घेऊन. चौदा जीवाणूंचे ४१० प्रश्न झालेत. पण आमची लेक्चरं सिस्टिमप्रमाणे झाली, त्यामुळे एकटा स्टॅफ चार-पाच ठिकाणी विखुरलाय आणि तो गोळा करण्यातच रात्र जाते. रूममेट म्हणते, नोट्स आहेत तशाच सिस्टिमप्रमाणे ठेव, उगाच वेळ घालवू नकोस. त्यात परवा इंटर्नलला सरांनी कोॲग्युलेजवर लागोपाठ तीन प्रश्न विचारले. दोन आले, तिसऱ्याला मी गप्प. माझ्या यादीत त्या एका टेस्टवर सहा प्रश्न आहेत! पद्धतच बदलू का? की अजून प्रश्न वाढवू?

— हॉस्टेलमधली एक, मराठवाडा

तिसरा प्रश्न कोणता होता ते तू लिहिलेलं नाहीस, पण मी अंदाज करू शकते. मी टेबलाच्या त्या बाजूला बरीच वर्षं बसले आहे आणि आमचीही ठरलेली वाट असते. पहिला प्रश्न, कोॲग्युलेज टेस्ट कशासाठी? दुसरा, स्लाइड आणि ट्यूब यांत फरक काय? आणि तिसरा, ‘तुझी स्लाइड कोॲग्युलेज निगेटिव्ह आली, मग स्टॅफ ऑरियस नाही म्हणून रिपोर्ट देशील?’

उत्तर ‘नाही’ असं आहे. स्लाइडवर आपण बघतो तो जीवाणूच्या भिंतीला चिकटून असलेला क्लंपिंग फॅक्टर. ऑरियसच्या काही स्ट्रेनमध्ये तो नसतो किंवा कमी असतो. ट्यूबमध्ये मात्र बाहेर सोडलेलं, मोकळं कोॲग्युलेज प्लाझ्मा गोठवतं. म्हणून स्लाइड निगेटिव्ह आली की ट्यूब लावायचीच. यातला प्रत्येक शब्द तुझ्या नोट्समध्ये असणार याची मला खात्री आहे. ‘बाउंड’ आणि ‘फ्री’ असे दोन कॉलम पाडलेला तक्ता प्रत्येक पीपीटीत असतो. तुझ्याकडे माहिती होती, फक्त त्या माहितीला निर्णय घ्यायला कुणी लावलं नव्हतं.

तुझे ते सहा प्रश्न मी न बघताच सांगते, चुकले तर कळव. कोॲग्युलेजचे प्रकार किती? कोणता प्लाझ्मा? किती तापमान? किती तास? फ्री कोॲग्युलेजला कशाची जोड लागते? आणखी कोणते स्टॅफ पॉझिटिव्ह? नोट्समधलं वाक्य घेतलं, त्यातला एक शब्द काढला आणि शेवटी प्रश्नचिन्ह लावलं, की असे प्रश्न तयार होतात. मी त्यांना उलटवलेली वाक्यं म्हणते. ती टाकून द्यायची नाहीत, कारण व्हायव्हाची सुरुवात त्यांनीच होते. पण सहाही प्रश्न पहिल्याच पायरीवरचे आहेत. त्यांचे साठ केलेस तरी तू त्याच पायरीवर राहशील.

खरा प्रश्न नोट्सच्या दोन ओळींच्या मधल्या फटीत असतो. हीच टेस्ट घे. तुझ्या वहीत साधारण असं असेल: अर्धा मिली प्लाझ्मा, त्यात ०.१ मिली ब्रॉथ कल्चर, ३७ अंशांवर ठेवा, चार तासांपर्यंत अधूनमधून बघा, निगेटिव्ह असेल तर रात्रभर ठेवून पुन्हा बघा. उलटवलेलं वाक्य विचारतं, ‘किती तास?’ फटीतला प्रश्न असा: रात्रभर ठेवणारच आहोत, तर चार तासांनी बघायची कटकट कशाला? एकदम सकाळीच का बघू नये? इथे उत्तर पाठ करून येत नाही, आधी कारण शोधावं लागतं. ऑरियसचे काही स्ट्रेन स्टॅफिलोकायनेज बनवतात, ते फायब्रिन विरघळवतं. संध्याकाळी घट्ट झालेली नळी सकाळी पुन्हा पातळ झालेली असते. जिने फक्त सकाळी बघितलं तिने निगेटिव्ह लिहिलं आणि रोग्याच्या पुवातला ऑरियस कागदावरून नाहीसा झाला.

आता तुझ्या आणि रूममेटच्या वादाकडे येते. तुमच्या दोघींचंही अर्धं बरोबर आहे.

आम्ही शिकलो तेव्हा एकेक जीवाणू म्हणजे एकेक धडा होता. आकार, कल्चर, रिॲक्शन, टॉक्सिन, रोग, निदान, अशी एकच शिडी प्रत्येकाला लावलेली असे. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आला आणि मायक्रो सिस्टिमप्रमाणे वाटलं गेलं: हृदय आणि रक्त, पचनसंस्था, हाडं-त्वचा, मेंदू, श्वसन, मूत्र-जननसंस्था. रोग्याच्या अंगाने शिकायला हे उत्तमच आहे. पण त्यात स्टॅफचं काय झालं बघ. गळवांचा स्टॅफ त्वचेच्या लेक्चरला आला, एंडोकार्डायटिसचा हृदयाच्या, अन्नविषबाधेचा पचनसंस्थेच्या, न्यूमोनियाचा श्वसनाच्या आणि एमआरएसए हॉस्पिटल इन्फेक्शनच्या. शिकवणारेही बहुधा वेगवेगळे असणार. त्यामुळे व्हायव्हासाठी जीवाणूप्रमाणे गोळा करणं बरोबरच आहे, पण ‘नीटनेटकं दिसतं’ हे त्याचं कारण होऊ शकत नाही. एका जीवाणूचे तुकडे एका पानावर आले की त्या तुकड्यांच्या सांध्यांवर प्रश्न दिसू लागतात, आणि एक्स्टर्नल नेमका सांध्यावर बोट ठेवतो.

एक सांधा दाखवते. त्वचेच्या लेक्चरमध्ये तू लिहिलं असशील की गळवं, सेल्युलायटिस वगैरेला क्लिंडामायसिन चालतं. महिनाभराने अँटिबायोटिक सेन्सिटिव्हिटीच्या प्रॅक्टिकलला डी-टेस्ट लिहिली असशील: एरिथ्रोमायसिन १५ मायक्रोग्रॅमची आणि क्लिंडामायसिन २ मायक्रोग्रॅमची डिस्क एकमेकींपासून १५ ते २६ मिलिमीटरवर ठेवायची. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी मुकी आहेत. शेजारी आणलीस की प्रश्न आपोआप उभा राहतो: ‘प्लेटवर क्लिंडामायसिनचा झोन मोठा आहे, एरिथ्रोमायसिनला रेझिस्टन्स आहे. क्लिंडामायसिन सेन्सिटिव्ह म्हणून कळवशील?’ डी-टेस्ट बघितल्याशिवाय नाही. एरिथ्रोमायसिनच्या बाजूने क्लिंडामायसिनचा गोल झोन चपटा होऊन इंग्रजी डी अक्षरासारखा दिसला, तर रेझिस्टन्स लपलेला आहे, चिथावलं की जागा होतो. औषध सुरू केल्यावर रोग्याच्या अंगातही तो जागा होऊ शकतो. सिस्टिमप्रमाणे ठेवलेल्या वहीत ही दोन वाक्यं ऐंशी पानांच्या अंतरावर राहिली असती.

रूममेटचं बरोबर कुठे आहे? व्हायव्हात कुणी ‘स्टॅफविषयी सांग’ असं विचारत नाही. ‘लग्नात जेवलेले वीस जण तीन तासांत ओकायला लागले’ असं विचारतात. म्हणजे प्रश्न आत येतो तो रोग्याच्या दारातून, आणि ते दार सिस्टिमचं आहे. भांडू नका, या भांडणाला एक कॉलम पुरतो. प्रश्नपेढी एक्सेलमध्ये असेल तर जीवाणूच्या शेजारी ‘सिस्टिम’ असा कॉलम टाक. आज जीवाणूवर फिल्टर लाव, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सिस्टिमवर लाव, पेढी तीच राहते. वहीत करत असशील तर समासात एक अक्षर पुरे.

रात्र जाते ती वेगळ्या कारणाने. तू बहुधा एक लेक्चर उघडतेस, प्रश्न लिहितेस, मग त्या जीवाणूचं पुढचं लेक्चर शोधत बसतेस. आधी नुसती सूची कर. एका संध्याकाळी सगळ्या नोट्स भराभर उलटायच्या आणि एवढंच लिहायचं: जीवाणूचं नाव, लेक्चरची तारीख, पान किंवा स्लाइडचा क्रमांक. त्या संध्याकाळी मजकूर वाचायचा नाही आणि एकही प्रश्न लिहायचा नाही. दोन-तीन तासांत होईल. मग एका बैठकीला एक जीवाणू घे, त्याच्या सूचीतली पानं एकदम उघड आणि सांधे शोध. प्रत्येक प्रश्नापुढे ती तारीख राहू दे. उत्तराबद्दल शंका आली तर कुठल्या लेक्चरमधून आलं आणि कुणाला विचारायचं, हे त्यामुळे कळतं.

शंका येणारच, कारण तुकडे एकत्र आले की त्यांच्यातली भांडणंही दिसतात. स्टॅफमध्ये हमखास सापडणारं एक सांगते. एमआरएसए ओळखायला सिनियरच्या वहीत मेथिसिलिन किंवा ऑक्सॅसिलिनची डिस्क असते आणि तुझ्या प्रॅक्टिकलच्या नोट्समध्ये सेफॉक्सिटिन. दोन्ही पेढीत घालून मोकळी होऊ नकोस. लॅबमध्ये जा, फ्रिजमधल्या डिस्कच्या कार्ट्रिजवर काय लिहिलंय ते वाच आणि भिंतीवरचा झोनचा तक्ता बघ. तिथे सेफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅम दिसेल आणि ऑरियससाठी २१ मिलिमीटर किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट, २२ किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह. हे तक्ते सुधारून निघत असतात, म्हणून आकड्यापुढे तक्त्याचं वर्षही लिही.

आता स्टॅफचं पान माझ्या पद्धतीने लावून दाखवते. मथळे ‘आकार, कल्चर, टॉक्सिन’ असे नकोत. एक्स्टर्नल तुझ्यापुढे काय सरकवेल, ते मथळा म्हणून घे. त्याला मी दार म्हणते. स्टॅफची मुख्य दारं चार: स्लाइड, नळी, रोगी आणि डिस्क. नळीचं वर झालंच.

स्लाइडच्या दारातून सुरुवात अशी होते. पुवाची ग्रॅम स्टेन केलेली स्लाइड मायक्रोस्कोपखाली आहे, काय दिसतं? दहातली सहा मुलं छातीठोकपणे सांगतात, ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस!’ तिथेच फास बसतो, कारण पुढचा प्रश्न तयारच असतो: ‘ऑरियस हे कशावरून?’ स्लाइडवर दिसतात पू-पेशी आणि घोसांतले जांभळे गोल जीवाणू, बस. एपिडर्मिडिसही हुबेहूब असाच दिसतो. मग पुढे, ‘कॉलनी हाती आल्यावर पहिली टेस्ट कोणती?’ कॅटलेज, कारण स्ट्रेप्टोकोकस आधी वेगळा काढायचा. आणि शेवटचा: ‘ब्लड अगारवरची कॉलनी घेतली, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडबुडे आले, झालं पॉझिटिव्ह?’ थांब. लाल रक्तपेशींमध्येही कॅटलेज असतं. कॉलनीबरोबर अगारचा कण उचलला गेला असेल तर बुडबुडे त्याचे. नायक्रोमच्या तारेनेही खोटे बुडबुडे येतात, म्हणून काचेची कांडी किंवा लाकडी काडी वापरायची. चार प्रश्नांची ही एक साखळी झाली. पेढीत ती एकाच नोंदीत, याच क्रमाने लिही. चार वेगवेगळ्या ओळींत तोडलीस तर तुझी पुन्हा चार उलटवलेली वाक्यं होतील.

रोग्याच्या दारात ते लग्नाचं जेवण आहे. दुपारी एक वाजता बासुंदी, चार वाजता उलट्या, ताप नाही. कोण? सुचलं तर ठीक, पण पुढे ये. ‘इतक्या लवकर का?’ कारण पोटात जीवाणू वाढायची वाटच बघावी लागत नाही, टॉक्सिन बासुंदीतच तयार झालेलं असतं. एक ते सहा तासांत लक्षणं दिसतात. ‘बासुंदी वाढण्याआधी पुन्हा उकळली होती, मग कसं?’ उकळल्याने जीवाणू मेले, टॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही. आणि माझा आवडता प्रश्न, जो मी प्रत्येक वर्षी एकाला तरी विचारायची: ‘उरलेल्या बासुंदीच्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. स्टॅफ बाद?’ आधीचं उत्तर ज्याला समजलंय त्याला हे दोन सेकंदांत येतं. ज्याने ‘हीट स्टेबल’ हे दोन शब्द पाठ केलेत तो छताकडे बघतो. (बासुंदीच का, असं विचारशील तर, एका वसतिगृहात मी स्वतः त्या वीस जणांत होते.)

डिस्कच्या दाराशी जरा थांबूया, कारण इथली साखळी आजकाल सगळ्यांत जास्त विचारली जावी अशी आहे. ‘प्लेटवर सेफॉक्सिटिन आहे, वॉर्डात स्टॅफसाठी सेफॉक्सिटिन देतात का?’ नाही. ‘मग ते लावलं कशाला?’ ते दुसऱ्याच्या वतीने साक्ष द्यायला उभं आहे. ‘मेक-ए’ नावाचा जीन पीबीपी-२ए हे बदललेलं प्रथिन बनवतो. बीटा-लॅक्टम औषधं त्याला नीट चिकटत नाहीत, म्हणून भिंतीचं बांधकाम चालूच राहतं. सेफॉक्सिटिन त्या जीनला चांगलं चेतवतं, म्हणून लपलेला रेझिस्टन्स ऑक्सॅसिलिनपेक्षा स्पष्ट दिसतो. ‘सेफॉक्सिटिन रेझिस्टंट आलं, पण त्याच प्लेटवर दुसऱ्या एका सेफॅलोस्पोरिनचा झोन मोठा आहे. ते कळवशील?’ नाही. एमआरएसए ठरला की एमआरएसएसाठीच बनवलेली सेफ्टारोलिनसारखी औषधं सोडून बाकी बीटा-लॅक्टम रेझिस्टंट धरायची, झोन काहीही म्हणो. ‘बरं, मग व्हँकोमायसिनची डिस्क कुठाय?’ ऑरियससाठी ती विश्वासार्ह नाही. व्हँकोमायसिनला थोडा कमी दाद देणारे स्ट्रेन डिस्क वेगळे काढू शकत नाही, त्यासाठी एमआयसी काढावी लागते.

ही दारं स्टॅफची आहेत. तीच चौकट सगळ्यांना लावलीस तर पुन्हा जुन्या शिडीवर येशील. तुझ्या चौदाही जीवाणूंना बहुधा सारखेच मथळे आणि साधारण तीस-तीस प्रश्न असावेत. ४१० ला १४ ने भागलं, म्हणून हा संशय. इतकी समान वाटणी मला खटकते.

टायफॉइडच्या साल्मोनेलाचं दार कॅलेंडर आहे. ‘ताप किती दिवसांचा?’ हे आधी विचारल्याशिवाय तिथलं एकही उत्तर पूर्ण होत नाही. चौथ्या दिवशी विडाल निगेटिव्ह आली तर टायफॉइड नाही? अँटिबॉडी दिसायला साधारण आठवडा उलटावा लागतो, म्हणून चौथ्या दिवशीच्या निगेटिव्हला अर्थ नाही, तेव्हा ब्लड कल्चर. आणि बाराव्या दिवशी ‘ओ’ १:१०० आलं तर टायफॉइड पक्का? इथे नोट्समधला आकडा फेकून चालत नाही. आपल्या भागातल्या धडधाकट माणसांचं टायटर किती असतं, आधी लस घेतली होती का, पूर्वी कधी टायफॉइड झाला होता का, आठवड्याने पुन्हा केलेल्या टेस्टमध्ये टायटर चौपट चढलं का, हे प्रश्न त्या आकड्याच्या मागे उभे असतात. आकडा असलेली प्रत्येक नोंद तपास आणि ‘हा आकडा कधी खोटा ठरेल?’ हा प्रश्न तिच्या साखळीत जोड.

टीबीच्या बाबतीत दार स्लाइडच आहे, पण ते मोजणीचं. ‘एएफबी दिसले नाहीत’ म्हणण्याआधी किती फील्ड बघितलेस? शंभर. शंभर फील्डमध्ये चार दिसले तर? ‘स्कँटी’ आणि पुढे तो आकडा लिहायचा. शंभर बघूनही काही नाही, तर टीबी नाही? थुंकीच्या एका मिलीमध्ये जवळपास १०,००० जीवाणू असल्याशिवाय स्लाइडवर सापडण्याची खात्री नसते, म्हणून निगेटिव्ह स्लाइडवर विषय संपत नाही. इतकं सांगून पुढे जीनएक्स्पर्ट किंवा कल्चर म्हणालीस की एक्स्टर्नल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो.

जे प्रत्यक्ष टेबलावर ठेवता येतात त्यांना जास्त जागा दे: स्टॅफ, स्ट्रेप, ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, टीबी, डिप्थीरिया, कॉलरा. स्टॅफला बारा साखळ्या खूप झाल्या. ज्यांची फक्त गोष्ट सांगितली जाते, त्यांना दोन-दोन. मी स्वतः फ्रान्सिसेलावर एकालाही कधी अडवलेलं नाही.

जीवाणूप्रमाणे लावण्यात एक भोक मात्र राहतं. दोन पानांच्या मधला प्रश्न कुणाच्याच पानावर येत नाही. मॅकॉन्की अगारवर फिकट कॉलनी आली, साल्मोनेला की शिगेला? साल्मोनेलाच्या पानावर ‘फिकट कॉलनी’ आहे, शिगेलाच्याही पानावर आहे, पण ‘दोघांना वेगळं कसं करशील’ हे कुठेच नाही. टायफॉइडचा जीवाणू हलतो आणि टीएसआयमध्ये थोडं तरी काळं करतो, शिगेला हलत नाही आणि काळंही करत नाही. असे जुळे गोळा करायला शेवटी पाच-सहा पानं मोकळी सोड. ती पानं आधी भरता येत नाहीत, पाठ म्हणून दाखवताना जिथे गोंधळ होतो तिथून भरत जातात.

म्हणून दाखवायला रूममेटलाच बसव. तिला मायक्रोची उजळणी होईल आणि तुझी वही तिला फुकट मिळेल. पहिला प्रश्न तिने वहीतला विचारायचा, पुढचे तुझ्या उत्तरातूनच काढायचे. तिच्याकडे तीनच हत्यारं हवीत: ‘का?’, ‘कशावरून?’ आणि ‘उलटं आलं तर?’ ही तीन लावून वहीत नसलेली साखळी तयार झाली तर ती लगेच लिहून घ्या. आणि बरोबर-चूक अशी खूण करू नका. कितव्या पायरीवर अडखळलीस तो आकडा प्रश्नापुढे लिहा. एकवर अडलीस तर नोट्स पुन्हा वाचायच्या, ते सोपं आहे. दोनवर किंवा तीनवर अडलीस तर वाचून उपयोग होत नाही, ती साखळी दोन दिवसांनी पुन्हा तोंडी घ्यायची. सात आठवड्यांत तुला बहुतेक वेळ दोन आणि तीन आकड्यांच्या नोंदींवर घालवायचा आहे.

तेव्हा नवे प्रश्न वाढवू नकोस. आहेत त्या ४१० मधून एकाच गोष्टीवरचे प्रश्न ओवून साखळ्या कर. दीडशेच्या आत येतील. चौदा जीवाणूंना दोन आठवडे, उरलेल्यांना एक आणि बाकीचे सगळे दिवस तोंडी.

तिसऱ्या पायरीवर खरंच काही आठवलं नाही तर काय करायचं, हेही सांगते, कारण तू ‘गप्प’ हा शब्द लिहिला आहेस. एकदा मी एका मुलाला विचारलं की तुझ्या कोॲग्युलेजच्या नळीत गोठलं नाही, मग? स्टॅफिलोकायनेज त्याला आठवत नव्हतं. तो म्हणाला, ‘मॅडम, आधी मी ओळखीच्या ऑरियसची कंट्रोल नळी बघेन. ती गोठली नसेल तर प्लाझ्माच खराब आहे.’ मी विचारलेलं कारण ते नव्हतं, पण लॅबमध्ये काम करणारा माणूस हेच आधी करतो. मी त्याला पूर्ण गुण दिले. तुझ्या प्रत्येक टेस्टच्या साखळीत ‘कंट्रोल काय ठेवशील?’ हा प्रश्न घाल. कोॲग्युलेजला पॉझिटिव्ह कंट्रोल ऑरियसचा, निगेटिव्ह एपिडर्मिडिसचा.

आणि ही टेस्ट एकदा स्वतः लाव. डिपार्टमेंटच्या टेक्निशियनना विनंती कर, बहुतेक जण हौसेने मदत करतात. सकाळी दहाला नळी वॉटर बाथमध्ये ठेवलीस तर दर तासाला जाऊन तिरकी करून बघ. हलवू मात्र नकोस, अर्धवट जमलेली गाठ हलवल्याने मोडते. दोनला शेवटचं बघ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. ईडीटीएचा प्लाझ्मा माग, सायट्रेटचा नको. का नको, ते तुझ्या पेढीतल्या पुढच्या साखळीचा पहिला प्रश्न. प्लाझ्मा ऐनवेळी मिळत नाही, आदल्या दिवशीच सांगून ठेव.